उधाणाची भरती आणि भांगाची भरती
सूर्याची पृथ्वीवरील ओढ चंद्राच्या ओढीच्या सुमारे १८० पट असूनही भरतीच्या बाबतीत तो चंद्राच्या मागे पडतो, कारण भरती एकूण ओढीमुळे नव्हे, तर पृथ्वीच्या दोन बाजूंवरील ओढीच्या फरकामुळे येते. चंद्रासमोरचे पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा अधिक, तर पलीकडचे कमी ओढले जाते. त्यामुळे दोन्हीकडे फुगवटे येतात आणि बहुतेक किनाऱ्यांवर २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या येतात.

चंद्राचा परिणाम १ मानला, तर सूर्याचा साधारण ०.४६ ठरतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला तिघे जवळपास एका रेषेत येतात, बेरीज १.४६ होते आणि उधाण येते. पौर्णिमेला सूर्य-चंद्र विरुद्ध दिशांना असतात, हे अनेकांना खटकते. पण प्रत्येकाचे फुगवटे दोन्हीकडे असल्याने ते एकमेकांवरच पडतात. अष्टमीच्या सुमारास मात्र दोघे काटकोनात असतात, ०.५४ एवढेच उरते आणि भांगाची भरती येते.

तत्त्वतः उधाणाचा चढउतार भांगाच्या २.७ पट असावा. प्रत्यक्षात किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली हे गुणोत्तर बदलतात, शिवाय सर्वांत मोठे उधाण अनेकदा तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येते.