फोन उभा धरल्याचे सातशे वीस तास: यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रामचा वर्षभराचा अनुभव

नोव्हेंबर 2024 मध्ये मी सोलापुरी स्वयंपाकाचं चॅनेल सुरू केलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, हुलग्याचं माडगं. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा हवा तर पार्टनर प्रोग्राममध्ये शिरावं लागतं, आणि त्यासाठीचा 1,000 सबस्क्रायबर आणि 365 दिवसांत लोकांनी बघितलेले 4,000 तास हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, मलाही होता. ऑक्टोबर 2025 मध्ये अॅनालिटिक्सनं 4,310 तास दाखवले आणि मी घरात पेढे वाटले. रात्री यूट्यूब स्टुडिओत पात्रता दाखवणारा Earn टॅब उघडला तर तिथे 2,640.

पहिला राग यूट्यूबवर निघाला. चार दिवसांनी तो माझ्यावरच परत आला. अॅनालिटिक्समध्ये बघितलेला प्रत्येक मिनिट दिसतो, Earn मध्ये फक्त पात्र सार्वजनिक तास. बहिणीचा मुलगा म्हणाला, "मावशी, ट्रॅफिक सोर्स उघड, फरक तिथंच सापडेल." सापडला.

YouTube advertising पुढे 190 तास. हे मी दिवाळीच्या आधी दोन हजार रुपये भरून केलेलं प्रमोशन. जाहिरातीतून आलेले तास पात्रतेला धरत नाहीत. दोन हजारांत वर्षभराच्या शेंगा आल्या असत्या.

मग Shorts feed, 720 तास. खरं दुखणं हे. मी तर शॉर्ट्स बनवतच नव्हते! माझे भाकरीचे व्हिडिओ अडीच मिनिटांचे, नीट सांगून केलेले. पण 15 ऑक्टोबर 2024 पासून टाकलेला, तीन मिनिटांपर्यंतचा, उभा किंवा चौकोनी व्हिडिओ शॉर्टच धरला जातो. शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेले तास 4,000 मध्ये येत नाहीत. त्यांचा रस्ता वेगळा: 90 दिवसांत एक कोटी व्ह्यूज. एका हातानं भाकरी थापायची आणि फोन डब्याला टेकवायचा म्हणून मी तो उभा ठेवत होते, कारण आडवा धरणारा स्टँड अडीचशे रुपयांचा होता आणि मी तो घेतला नाही. अडीचशे रुपये वाचवले, 720 तास घालवले. हे वाक्य आमच्या घरी अजून रोज ऐकवलं जातं.

उरले 760. ते गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वर यात्रेचे. 13 जानेवारीला अक्षता सोहळ्याचं लाइव्ह धाकट्या दिरांनी केलं होतं. लोकांनी भरभरून बघितलं. मध्येच गर्दीत फोन पडला आणि भाऊजी जे बोलले ते सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत बोलायचं नसतं. म्हणून दोन महिन्यांनी मी तो व्हिडिओ प्रायव्हेट केला. प्रायव्हेट, अनलिस्टेड किंवा काढून टाकलेल्या व्हिडिओचे तास मोजणीतून जातात, मग ते बघितले तेव्हा सार्वजनिक का असेनात. स्टुडिओच्या एडिटरमध्ये तेवढे वीस सेकंद कापले, व्हिडिओ परत पब्लिक केला, काही दिवसांत Earn वर 3,400 आलं. कापल्यानं लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात. पुन्हा अपलोड केला असता तर सगळं शून्यापासून.

इथे माझं मत बदललं. तोवर मी ह्या दोन आकड्यांतल्या फरकाला फसवणूक म्हणत होते.

सबस्क्रायबरचं थोडक्यात. मोबाइल दुकानातल्या एका पोरानं पाचशे रुपयांत दोनशे आणून दिले, महिन्याभरात बहुतेक गळाले. स्पॅम आणि बंद झालेली खाती एकूण आकड्यातून वजा होतात. उलट ज्यांनी आपली सबस्क्रिप्शन खासगी ठेवली आहेत ते यादीत दिसत नाहीत, पण मोजले जातात. यादी मोजत बसू नका.

3,400 वर आणि नऊशे सबस्क्रायबरवर खालची पायरी मिळत होती: 500 सबस्क्रायबर, 3,000 तास, 90 दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ. पण तिथे मेंबरशिप आणि सुपर थँक्स, म्हणजे प्रेक्षकांनी स्वतःहून दिलेले पैसे मिळतात, जाहिरातीचा वाटा नाही. आमच्या चटणीला मेंबर कोण होणार? मी थांबले.

थांबणं महागात पडणार होतं. खिडकी 365 दिवसांची आणि रोज पुढे सरकणारी. व्हिडिओ कधी टाकला ह्यावर काही नाही, कधी बघितला ह्यावर सगळं. गड्ड्याचं लाइव्ह बहुतेकांनी त्याच आठवड्यात बघितलेलं, म्हणजे पुढचा 13 जानेवारी उलटला की ते तास रोज शेकड्यानं गळणार. स्टँड घेतला. फोन आडवा, व्हिडिओ दहा-बारा मिनिटांचे. माडग्याचा एकटाच शंभरावर तास देऊन गेला. मधल्या काळात सबस्क्रायबर हजारावर गेले. 9 जानेवारी 2026 ला 4,011 दिसले, त्याच संध्याकाळी अर्ज टाकला. टू-स्टेप व्हेरिफिकेशन आधीच चालू होतं.

तीन आठवड्यांनी मंजुरी आली, तेव्हा Earn च्या हिशेबानं माझे तास चार हजारांच्या बरेच खाली होते. आत घेतल्यावर आकडा खाली गेला म्हणून आपोआप बाहेर काढत नाहीत. सहा महिने काहीच टाकलं नाही तर मात्र काढू शकतात. आता दहा डॉलर जमले की पत्ता पडताळायला घरी पिनचं पत्र येईल आणि पैसे हातात पडायला शंभर डॉलर लागतील. सध्या सव्वासहा डॉलर आहेत. स्टँडचे अडीचशे त्यात सुटले.