जर्मनीत कपडे धुताना कार्ड की नाणी?

अंबडच्या आमच्या कंपनीतून कोणी ना कोणी ट्रेनिंगला जर्मनीला जातंच, आणि निघायच्या आधी हमखास विचारतं की तिकडे कपडे धुवायला कार्ड चालतं का चिल्लर घेऊन फिरायची. मी तीन महिने दर रविवारी तेच केलंय, दोन्ही वापरून झालंय, म्हणून लिहितो.

तिकडे आमच्या कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रोमॅटमध्ये, म्हणजे पैसे भरून आपणच मशीन लावायच्या दुकानात, पैसे मशीनवर नाही, भिंतीतल्या एका टचस्क्रीनवर भरायचे. कपडे टाका, दार लावा, मशीनवर प्रोग्राम निवडा (रोजच्या कपड्यांना Buntwäsche 40°, सिंथेटिकला Pflegeleicht, आणि Kochwäsche च्या वाटेला जाऊ नका, ते उकळत्याच्या जवळचं पाणी असतं), मग स्क्रीनवर मशीनचा नंबर दाबून पैसे.

कार्ड सोपं आहे, नाही म्हणत नाही. फक्त बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल आणि टॅप दोन्ही इथूनच चालू करून जा, आणि तिथे रुपये की युरो विचारलं तर युरोच दाबा, रुपयांचा रेट त्यांच्या सोयीचा असतो.

पण माझं मन उडालं ते पहिल्याच रविवारी. सात नंबरचं मशीन, पाच युरो, कार्ड टॅप केलं, बीप वाजला, खाली छोट्या रीडरवर काहीतरी जर्मन आलं, ते वाचेपर्यंत वरची मोठी स्क्रीन परत पहिल्या पानावर. मशीन गप्प. पैसे गेले की नाही कळायला मार्ग नाही, इथल्या नंबरचं रोमिंग बंद, मेसेज कुठला येणार. परत टॅप केलं तेव्हा मशीन सुरू झालं. रात्री वायफायवर बघितलं तर दोन एंट्र्या, त्यातली एक आठवड्याभराने परत आली.

नाण्यांचं तसं होत नाही. Restbetrag लिहिलेलं असतं, म्हणजे उरलेली रक्कम, दोन युरो टाकले की 5,00 चं 3,00 होतं, मग 1,00, भाषा यायची गरजच नाही. नंबर चुकला तर Abbrechen दाबायचं, नाणी खणखण खाली पडतात, निदान आमच्याकडे तरी पडायची. ड्रायरला तर नाणीच बरी, एक युरो टाकून बघायचं, जीन्स ओली वाटली की अजून एक, कार्डाने प्रत्येक वेळी वेगळा व्यवहार आणि वर बँकेचा चार्ज.

त्रास एकच, नाणी शनिवारीच जमवून ठेवावी लागतात, कारण रविवारी दुकानं बंद आणि आमचं मशीन सुटे परत देत नव्हतं. सुपरमार्केटात नोट मोडली की झालं. तुमच्याकडे तिकडच्याच बँकेचं कार्ड असेल तर कदाचित कार्डही ठीक, तो अनुभव मला नाही.

उरलेली नाणी मात्र नाशकात कोणी बदलून देईना. माझी अकरा युरोची चिल्लर डबीत पडून आहे, पुढचा जो जाईल त्याने घेऊन जावी.