हिंदी स्ट्रिंग्जसाठी घेतलेलं टूल: सगळं ठीक, पण प्रीव्ह्यूत शून्य कुठाय?

एका ग्राहकाच्या ॲपचं हिंदीकरण करायला गेल्या वर्षी या टूलची वार्षिक वर्गणी भरली. नाव लिहीत नाही, कारण खालची बरीचशी रड अशा इतर टूल्सनाही लागू पडेल. पैसे खिशातून गेलेत, त्यामुळे भाषा जरा तिखट होईल.

आधी चांगलं सांगतो. `%d of %d files uploaded` असली स्ट्रिंग हिंदीत उलटी होते, कारण आपण 'दहामधल्या तीन' म्हणतो. `%d में से %d` असं सरळ लिहिलं तर स्क्रीनवर "3 में से 10" उमटतं, आणि दोन्हीकडे दोन-दोन `%d` असल्यामुळे तपासणी खुशाल पास होते. या टूलमध्ये एका बटणावर प्लेसहोल्डरला क्रमांक लागतात:

```
%2$d में से %1$d फ़ाइलें अपलोड हुईं
```

एवढ्यासाठी मी पहिले काही महिने हे टूल भेटेल त्याला सुचवत होतो. मग शून्य आडवं आलं.

ग्राहकाची तक्रार अशी होती: इनबॉक्स रिकामा आहे, तरी अँड्रॉइडवर "एक नया संदेश" दिसतं. वेबवर मात्र बरोबर "0 नए संदेश". स्ट्रिंग्ज दोन्हीकडे त्याच, याच टूलमधून काढलेल्या. अँड्रॉइडची फाइल उघडली:

```xml
<item quantity="one">एक नया संदेश</item>
<item quantity="other">%d नए संदेश</item>
```

इंग्रजीत `one` म्हणजे फक्त 1. हिंदीत तसं नाही. सीएलडीआर या भाषानियमांच्या प्रमाण कोशात हिंदीच्या `one`मध्ये 0 आणि 1 दोन्ही येतात. (मराठीच्या `one`मध्ये सध्या फक्त 1 आहे, त्यामुळे मराठीचा अनुभव घेऊन हिंदीत उतरलेला माणूस इथे हमखास फसतो.) अँड्रॉइड हा नियम पाळतं, म्हणून शून्यालाही पहिली ओळ मिळाली आणि तिच्यात आकड्याच्या जागी 'एक' ठोकलेला. वेबसाठी टूलने जी `.po` फाइल काढली, तिच्या डोक्यावर हे होतं:

```
nplurals=2; plural=(n != 1);
```

या सूत्रात शून्य अनेकवचनात जातं. म्हणजे एकाच प्रकल्पात, एकाच टूलमधून, हिंदीचे दोन वेगळे नियम बाहेर पडत होते.

सपोर्टला लिहिलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की अँड्रॉइडचं वागणं नियमाप्रमाणे आहे. आहेच. माझं भांडण नियमाशी नाहीच, प्रीव्ह्यूशी आहे. त्यात नमुन्याला 1 आणि 5 हे दोनच आकडे येतात, आणि हिंदीत घोळ नेमका 0 वर होतो. वर, `one`मधून `%d` गायब आहे म्हणून साधी पिवळी सूचनासुद्धा येत नाही, कारण इंग्रजीच्या हिशेबाने तिथे आकडा नसला तरी चालतो. हे मी त्यांना तीनतीनदा समजावलं, दर वेळी नियमाचीच लिंक परत आली.

उपाय टूलच्या बाहेरच करावा लागला. `one`मध्ये `%d नया संदेश` असा आकडा ठेवायचा, म्हणजे शून्याला निदान "0 नया संदेश" येतं. त्याहून बरं हवं तर "कोई नया संदेश नहीं" ही वेगळी स्ट्रिंग करून प्रोग्रामरला शून्याची अट घालायला सांगायचं. अँड्रॉइडमध्ये `quantity="zero"` लिहून काम भागत नाही, हिंदीसाठी ती ओळ कधी निवडलीच जात नाही. आयसीयू या लायब्ररीच्या संदेश-पद्धतीत `=0` चालतं, पण आमच्या ॲपमध्ये ते नव्हतं.

लांबीच्या मोजणीबद्दलही थोडं. "पासवर्ड रीसेट करें" याला टूल 18 अक्षरं मोजतं, कारण काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं धरतं. डोळ्याला मोकळ्या जागा धरून 11 दिसतात. 16 ची मर्यादा टाकली की लाल होतं, आणि बटणात मजकूर आरामात बसलेला असतो. खरी कापाकापी उंचीत होते: "अनुमति दें"मधला नु चा उकार खालून छाटला जातो, दें चा अनुस्वार वरून. ते टूलला दिसत नाही. मी आता लाल रंगाकडे दुर्लक्ष करतो आणि फोनवर बटणं पाहतो.

वर्गणीचं नूतनीकरण जवळ आलंय. क्रमांकवाल्या प्लेसहोल्डरच्या बटणासाठी एवढे पैसे मोजणं जिवावर येतं. `.po` फाइली पोएडिटच्या फुकट आवृत्तीत उघडतात, डोक्यावरचं सूत्र हाताने `plural=(n > 1)` केलं की शून्य दोन्हीकडे सारखं वागतं. अँड्रॉइडच्या फाइलींसाठी `%d` नसलेल्या `one` ओळी शोधणारी छोटी स्क्रिप्ट ऑफिसातल्या पोराने लिहून दिली आहे. सपोर्टने प्रीव्ह्यूत 0 टाकला तर परत विचार करू, तूर्त कार्ड काढून ठेवलंय.