विमा प्रतिनिधीची नियुक्ती संपवणारी नोटीस: नव्या नमुन्याचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आयुर्विमा कंपनीच्या ज्या विभागात मी काम करतो, तेथे मिस-सेलिंग, म्हणजे चुकीची माहिती देऊन केलेली विक्री, सिद्ध होत असल्याचे दिसल्यावर प्रतिनिधीला द्यायच्या नोटिशीचा नवा नमुना काही महिन्यांपासून वापरात आहे. जुना नमुना एका पानाचा होता आणि त्यात 'आपल्याविरुद्ध गंभीर तक्रारी प्राप्त झाल्या असून आपली नियुक्ती रद्द करण्यात येत आहे' एवढेच लिहिलेले असे. नव्या नमुन्याचे तीन भाग आहेत: कारणे, सुनावणीची संधी आणि त्या प्रतिनिधीच्या ग्राहकांची व्यवस्था. यांपैकी पहिला भाग उत्तम आहे, दुसरा सुधारून घ्यावा लागला आणि तिसरा सर्वांत उपयोगी असूनही सर्वांत उशिरा हाती घेतला जातो, असे माझे मत झाले आहे.

कारणांच्या भागात प्रत्येक पॉलिसीसाठी स्वतंत्र परिच्छेद लिहावा लागतो. एका प्रकरणातील पहिला परिच्छेद कसा तयार झाला ते सांगतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या एका ज्येष्ठ महिलेला दहा वर्षे हप्ते भरायची पॉलिसी 'एकदाच पैसे भरायचे' असे सांगून विकली होती. वार्षिक हप्ता 1,50,000 रुपये, तर निवृत्तिवेतन वर्षाला सुमारे 2,40,000 रुपये होते. प्रपोजल फॉर्ममध्ये मात्र उत्पन्न 6,00,000 लिहिले होते. फॉर्मवरचा मोबाइल क्रमांक प्रतिनिधीच्या नातेवाइकाचा निघाला, त्यामुळे पॉलिसी देण्यापूर्वीच्या पडताळणी कॉलवर 'हो, समजले' हे उत्तर भलत्याच व्यक्तीने दिले होते. बाई बँकेत आणि फॉर्मवर मराठीत सही करतात, तर पॉलिसीतून काय मिळेल ते दाखवणाऱ्या तक्त्यावरची, म्हणजे बेनिफिट इलस्ट्रेशनवरची, सही इंग्रजीत होती. जुन्या पद्धतीने हे सारे 'ग्राहकाची दिशाभूल' या दोन शब्दांत संपले असते. नव्या नमुन्यात आरोप, त्याचा आधार असलेला कागद, भंग झालेला आचारसंहितेचा नियम आणि प्रतिनिधीने नेमके कशाचे उत्तर द्यायचे, हे क्रमाने मांडावे लागते. त्याचा एक लाभ असा की ज्या तक्रारीमागे कागद नाही, ती लिहिताना आपोआप गळून पडते.

सुनावणीच्या भागात दोन दोष होते. पहिला शीर्षकातच होता. 'नियुक्ती समाप्तीची नोटीस' असे वर लिहून खाली 'आपले म्हणणे मांडा' म्हणणे म्हणजे निकाल आधी आणि बाजू नंतर, आणि अपिलात प्रतिनिधीचा पहिला मुद्दा हाच असतो. विमा नियामकाच्या 2016 च्या विनियमांतील क्रम स्पष्ट आहे. चौकशी अधिकारी कारणे दाखवा नोटीस देतो, उत्तरासाठी 21 दिवस मिळतात, वाजवी सुनावणी होते, अहवाल जातो आणि त्यानंतर नियुक्तीचे अधिकार असलेला अधिकारी सकारण लेखी आदेश काढतो. म्हणून आम्ही पहिल्या कागदावर 'नियुक्ती का रद्द करू नये' असे प्रस्तावाच्या भाषेत लिहू लागलो आणि 'समाप्ती' हा शब्द अंतिम आदेशासाठी राखून ठेवला. दुसरा दोष मुदतीचा होता. छापील वाक्यात 21 दिवस 'नोटिशीच्या तारखेपासून' मोजले होते, वास्तविक ते नोटीस मिळाल्यापासून मोजायचे असतात. टपाल उशिरा पोहोचले, तर मोजणीतला हा फरक अपिलात महागात पडू शकतो. आता पोचपावतीची तारीख फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिली जाते.

सुनावणी केवळ उपचार नसते, हे वर सांगितलेल्या प्रकरणातच दिसले. तीन पॉलिसींपैकी एकीबाबत प्रतिनिधीने ग्राहकाला विक्रीपूर्वी पाठवलेला संदेश सादर केला, ज्यात 'दरवर्षी भरायचे, दहा वर्षे' असे स्पष्ट होते. तो मुद्दा आदेशातून वगळला गेला आणि उरलेल्या दोन मुद्द्यांवर नियुक्ती रद्द झाली. आदेशात वगळलेल्या मुद्द्याचे कारणही लिहिले, आणि माझ्या मते त्या एका परिच्छेदामुळे उरलेला आदेश अधिक विश्वासार्ह झाला.

नोटिशीसोबत पुरावे द्यावेच लागतात, परंतु तक्रारदारांचे दूरध्वनी आणि पत्ते झाकून द्यावेत अशी सूचना नमुन्यात नाही, ती असायला हवी. प्रतिनिधी बहुधा ग्राहकाच्या ओळखीतलाच असतो. नोटीस मिळाल्यावर तो घरी जातो, 'माझी भाकरी जाईल' म्हणतो आणि तक्रार मागे घेतल्याचे पत्र सही करून घेतो. असे पत्र आले की आम्ही ग्राहकाशी पडताळलेल्या क्रमांकावर स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय ते नोंदवत नाही.

ग्राहकांच्या भागाबद्दल अधिक सांगावेसे वाटते. नमुन्यानुसार अंतिम आदेशानंतर प्रतिनिधीच्या सर्व पॉलिसी 'ऑर्फन', म्हणजे प्रतिनिधी न उरलेल्या, म्हणून नोंदवून नव्या सेवा प्रतिनिधीकडे द्यायच्या असतात. परंतु नोटिशीपासून आदेशापर्यंत सहज काही महिने जातात आणि त्या काळात हप्त्यांच्या तारखा येतात. वरच्या बाईंचा दुसरा हप्ता याच काळात देय होता. तो भरला नसता तर वाढीव मुदतीनंतर पॉलिसी बंद पडली असती आणि भरला असता तर चुकीच्या विक्रीत आणखी दीड लाख अडकले असते. म्हणून नोटीस निघते त्याच दिवशी ग्राहकांना एक छोटे पत्र जावे, असा आग्रह आम्ही धरला. त्यात प्रतिनिधीवरील आरोपांचा उल्लेख नसतो, कारण ते अद्याप ठरलेले नसतात. पॉलिसी जशी आहे तशी चालू आहे, हप्ता रोखीने कोणाच्या हाती देऊ नये, आपला खरा मोबाइल क्रमांक आणि नॉमिनीचे नाव शाखेत तपासून घ्यावे आणि सध्या अमुक अधिकाऱ्याशी संपर्क साधावा, इतकेच त्यात असते. पॉलिसी चालू आहे हे वाक्य आवश्यक आहे, कारण प्रतिनिधी गेला की पॉलिसीही गेली असे अनेकांना वाटते आणि तोच माणूस किंवा दुसरा कोणी ती मोडून नवी घेण्याचा सल्ला देतो.

बाईंचे पैसे शेवटी कसे मिळाले, तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. कंपनीचे पहिले उत्तर असे होते की, फ्री लूकचे, म्हणजे पॉलिसी पसंत नसल्यास परत करण्याचे, 30 दिवस संपले. हे दिवस पॉलिसीचा दस्तऐवज ग्राहकाला मिळाल्यापासून मोजतात आणि कुरिअरच्या पावतीवर प्रतिनिधीची सही होती. दस्तऐवज बाईंच्या हाती आलाच नव्हता, म्हणून मुदत सुरूच झालेली नव्हती. मग जोखमीचा प्रमाणशीर भाग आणि मुद्रांक शुल्क वजा करून रक्कम परत झाली. नोटिशीच्या पुराव्यांत कुरिअरची पावती असावीच, असे मी त्यानंतर प्रत्येक फाइलवर लिहू लागलो.

दुसऱ्या ग्राहकाच्या फॉर्ममध्ये मधुमेहाच्या प्रश्नाला प्रतिनिधीने परस्पर 'नाही' लिहिले होते. ही गोष्ट कंपनीने स्वतःच्याच नोटिशीत मांडल्यावर उद्या त्याच उत्तरावरून त्या कुटुंबाचा दावा नाकारणे शोभणारे नाही. विमा कायद्याच्या कलम 45 नुसार तीन वर्षांनंतर पॉलिसीला आव्हान देता येत नाही, परंतु त्याआधी दावा आला तर काय, हा प्रश्न राहतो. म्हणून ग्राहकाकडून आरोग्याची दुरुस्त माहिती घेऊन ती जोखीम तपासून हप्ता ठरवणाऱ्या अंडररायटिंग विभागाकडे पाठवावी लागते. हप्ता वाढू शकतो, आणि हे ग्राहकाला आधी स्पष्टपणे सांगावे.

कमिशनविषयीचे कलम मात्र ढोबळ आहे. 'सर्व कमिशन जप्त' असे लिहिण्याऐवजी रद्द झालेल्या पॉलिसींवर दिलेल्या कमिशनची वसुली वेगळी मांडावी आणि उरलेल्या नूतनीकरण कमिशनचे काय होईल ते करारातील कलमाचा क्रमांक देऊन लिहावे. अंतिम आदेशात अपिलाची 45 दिवसांची मुदत आणि अपीलीय अधिकाऱ्याचा पत्ता छापलेला असतो, ही सोय चांगली आहे. ओळखपत्र व नियुक्तिपत्र परत घेणे आणि काळ्या यादीत नोंद करणे यांसाठीही रकाने आहेत. ती नोंद कोणी केली आणि कधी केली, यासाठी मात्र जागा ठेवलेली नाही. आम्ही ती समासात हाताने लिहितो.