"आमच्याकडे चालत होती": चरा पडलेली गेम डिस्क, रिफंडचा मेसेज आणि नंतरचे आठ महिने

पीएस४ साठी जुन्या डिस्क ऑनलाइन घ्यायला लागून मला आता आठ महिने झाले. एकूण नऊ डिस्क घेतल्या. सात नीट निघाल्या आणि दोनचे पैसे परत मागावे लागले. पहिल्या वेळी खूप मनस्ताप झाला, दुसऱ्या वेळी काम चार दिवसांत झालं. फरक पडला तो मी विक्रेत्याला काय लिहिलं त्याने, म्हणून हा अनुभव मुख्यतः त्या मेसेजबद्दल आहे.

पहिली खराब डिस्क क्रिकेटच्या गेमची होती. किंमत १,१५० रुपये, वर ६० रुपये कुरिअर. जाहिरातीत लिहिलं होतं, "उत्तम स्थिती, एकही चरा नाही". भाचा सुट्टीला येणार होता, त्याच्यासाठी मागवली होती. डिस्क घातली, गेमचं चित्र स्क्रीनवर आलं, इन्स्टॉल सुरू झालं आणि ३७ टक्क्यांवर अडकलं. ड्राइव्ह खरखर आवाज करत राहिला आणि शेवटी डिस्क वाचता येत नाही असा संदेश आला. तीनदा केलं, तिन्ही वेळा तिथेच अडकलं.

मी रागाने लिहिलं, "डिस्क खराब आहे, पैसे परत करा." उत्तर आलं, "आमच्याकडे चालत होती. तुमचा ड्राइव्ह तपासा." दोन दिवस आमचं एवढंच चाललं होतं. मग लक्षात आलं की माझ्या मेसेजमध्ये त्यांना खोडता येणार नाही असं काहीच नाही. डिस्क खराब की ड्राइव्ह खराब, आणि चरा आधीचा की माझ्याकडे पडलेला, या दोन प्रश्नांची उत्तरं मेसेजमध्ये असल्याशिवाय तो विक्रेता हलणार नव्हता. आणि खरं सांगायचं तर प्रामाणिक विक्रेत्यालाही हे विचारायचा हक्क आहे.

पहिल्या प्रश्नासाठी दोन चाचण्या पुरतात. माझ्याच ड्राइव्हमध्ये दुसरी डिस्क घालून पाहिली, ती व्यवस्थित चालली. मग ही डिस्क शेजारच्या मित्राच्या पीएस४ वर नेली, तिथेही इन्स्टॉल पुढे जाईना. एकच चाचणी केली तर शंकेला जागा उरते, दोन्ही मिळून उरत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चऱ्याच्या आकारात होतं. खिडकीजवळ डिस्क तिरकी धरली तेव्हा मधल्या भोकाभोवती गोल फिरणारा, कंपासने काढल्यासारखा चरा दिसला. कुरिअरमध्ये डिस्क खोक्यात सुटून हलली, तर आडवेतिडवे छोटे ओरखडे येतात. असा गोल चरा डिस्क फिरत असतानाच पडतो, बहुतेक वेळा चालू कन्सोल कुणी हलवला किंवा उभ्याचा आडवा केला म्हणून. आणि नेमका हाच चरा घातक. डिस्कवरची माहिती गोल गोल मार्गाने लिहिलेली असते. मधून काठाकडे जाणारा चरा प्रत्येक फेरीचा अगदी थोडासा भाग झाकतो आणि तेवढी चूक ड्राइव्ह भरून काढतो. गोल चरा मात्र त्या मार्गावरूनच लांबवर जातो, मग भरून काढायला काही उरत नाही.

पण तो माझ्या ड्राइव्हने पाडला नाही कशावरून? पार्सल उघडताना मी सवयीने मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. त्यात आधी पत्त्याचं लेबल, मग सील आणि मग डिस्कची चमकती बाजू दिसते. कन्सोलमध्ये घालण्यापूर्वीच तो चरा व्हिडिओत होता. व्हिडिओ नसता तर माझ्या इतर डिस्कचे फोटो पाठवले असते. ड्राइव्ह चरे पाडत असता तर तशीच गोल रेघ त्यांच्यावरही दिसली असती. पण हा पुरावा व्हिडिओइतका भक्कम नाही.

मग हा मेसेज लिहिला:

"नमस्कार. १४ तारखेला मिळालेल्या क्रिकेट गेमच्या डिस्कबद्दल लिहीत आहे. इन्स्टॉल ३७ टक्क्यांवर थांबतं, तीनदा तसंच झालं. त्याच कन्सोलवर दुसरी डिस्क चालते आणि ही डिस्क दुसऱ्या पीएस४ वरही चालत नाही, दोन्हीचे व्हिडिओ जोडले आहेत. पार्सल उघडतानाच्या व्हिडिओत ४० व्या सेकंदाला गोल चरा दिसतो, तेव्हा डिस्क कन्सोलमध्ये घातलेली नव्हती. जाहिरातीत 'एकही चरा नाही' असं लिहिलं होतं, त्याचा स्क्रीनशॉट सोबत आहे. डिस्क परत घेऊन १,२१० रुपये मूळ खात्यावर परत करावेत ही विनंती. मी डिस्कवर कोणतीही पॉलिश किंवा दुरुस्ती केलेली नाही. शुक्रवारपर्यंत कळवावं, त्यानंतर याच ऑर्डरवर साइटकडे तक्रार नोंदवीन."

यातलं पॉलिशचं वाक्य मुद्दाम घातलं. टूथपेस्ट घासून बघ, असं मला तीन जणांनी सुचवलं होतं. जुन्या पीएस२ च्या डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, त्यामुळे वरचं प्लास्टिक थोडं घासून चालतं. पीएस४ ची डिस्क ब्लू-रे आहे. तिचा थर फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो आणि वर कठीण लेप असतो. घासलं तर लेप जातो, डिस्क कायमची जाते आणि "तुम्हीच बिघडवली" म्हणायला विक्रेत्याला कारणही मिळतं. मऊ कोरड्या कापडाने मधून काठाकडे सरळ पुसावं, तेवढंच.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आधी ५०० रुपये देतो म्हणाले, मग ऑर्डर पूर्ण झाल्याचं बटण दाबा, सगळे पैसे यूपीआयने पाठवतो म्हणाले. दोन्ही नाकारलं. ते बटण दाबलं की साइटच्या लेखी व्यवहार संपतो. सगळं बोलणं साइटच्या चॅटमध्येच ठेवलं, व्हॉट्सअ‍ॅपवर गेलो नाही. जुन्या मालाला रिटर्न नाही, असंही एकदा ऐकवलं गेलं. त्यावर मी एवढंच लिहिलं की २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल द्यावा लागतो. पुढची पायरी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर हाताशी होता, पण लागला नाही. पाचव्या दिवशी कुरिअरवाला डिस्क घेऊन गेला आणि अकराव्या दिवशी १,२१० रुपये खात्यावर आले. भाचा तोवर परत गेला होता, याचं मात्र अजून वाईट वाटतं.

हे नियम धंदा म्हणून विकणाऱ्यांना लागू आहेत. कुणी घरातली एखादी डिस्क स्वतःपुरती विकत असेल तर लागू होत नाहीत. म्हणून व्यक्तीकडून घेताना मी आता समोर बसून चालवून बघतो.

चालवून बघायचं म्हणजे पूर्ण इन्स्टॉल होऊ द्यायचं. बरेच गेम इन्स्टॉल अर्धवट असतानाच सुरू होतात. दुसरी खराब डिस्क अशीच फसवी होती. दोन सामने खेळून झाले आणि नंतर ती ८१ टक्क्यांवर अडकली. डिस्क परत करायची सात दिवसांची मुदत संपायला एकच दिवस उरला होता. वरचाच मेसेज आकडे बदलून पाठवला, आणि त्या विक्रेत्याने एकही प्रश्न न विचारता पैसे परत केले.

प्रत्येक चऱ्यावरून मात्र मी भांडत नाही. नखाला लागत नाहीत असे बारीक ओरखडे बहुतेक डिस्कवर असतात आणि ड्राइव्ह ते सहज वाचतो. मागच्या आठवड्यात आलेल्या डिस्कवर असे चार-पाच होते. ती शंभर टक्के इन्स्टॉल झाली आणि मी त्याच संध्याकाळी माल मिळाल्याचं कळवून टाकलं.