आदिमानवावरची प्रश्नमंजुषा: गोष्ट सांगून की चित्र दाखवून?

प्रश्न काढायला बसलं की पहिल्या अर्ध्या तासातच हे ठरवावं लागतं. छोटी गोष्ट वाचून दाखवायची आणि तिच्यावर प्रश्न विचारायचे, की चित्र समोर ठेवायचं आणि त्यातून उत्तर काढायला लावायचं? मी पाचवीच्या वर्गावर आधी तीन वर्षं गोष्टींचा मार्ग धरला, मग चित्रांकडे वळलो. दोन्हींचे फायदे-तोटे अंगावर घेतलेत, म्हणून लिहितोय. मोजमाप असं काही केलेलं नाही. एका वर्गाचा अनुभव आहे, तेवढीच त्याची किंमत धरा.

गोष्टीचं बळ तुम्हाला माहीत आहे. मोठ्यानं वाचली की मागच्या बाकावरचा, अक्षर जुळवून वाचणारा मुलगाही त्यात येतो. शिवाय आधी काय झालं आणि नंतर काय, हे गोष्टीत आपोआप येतं. दाणे गोळा करून आणले, झोपडीशेजारी सांडले, पावसाळ्यानंतर तिथेच रोपं उगवली, हा क्रम एका चित्रात मावत नाही. चार चित्रं काढून क्रम लावायला दिला तर मुलं मजकुराऐवजी रोपाची उंची बघून क्रम लावतात.

मग मी गोष्ट का सोडली? एका भोलूमुळे.

अग्नीवरच्या माझ्या गोष्टीत भोलू नावाचा मुलगा होता. वीज पडून झाड पेटतं, सगळे पळतात, भोलूची आजी मात्र धीर करून जळती फांदी उचलते आणि गुहेत आणते. गोष्ट रंगली, प्रश्नमंजुषाही झकास झाली. नंतर सहामाहीच्या पेपरात 'माणसाला अग्नीचा काय उपयोग झाला?' असा साधा प्रश्न होता. पेपर तपासायला घेतले आणि एकामागून एक उत्तर येत गेलं, 'भोलूच्या आजीने अग्नीचा शोध लावला.' एकीनं तर 'थंडीच्या दिवसात' अशी पुस्तीही जोडली होती.

पुढच्या वर्षी सुरुवातीलाच बजावलं, 'ही काल्पनिक गोष्ट आहे हं.' मुलांनी माना डोलावल्या. महिन्याभरानं सूचना विसरली होती, भोलू शाबूत होता. तिसऱ्या वर्षी नावच काढून टाकलं, 'एक मुलगा, एक म्हातारी' असं केलं, तर गोष्टीतला जीवच गेला. दोष मुलांचा नाही. लाखो वर्षं, ठिकठिकाणचे समूह, कुणी एक शोधक नाही, ही खरी हकिगत मुलांच्या हाताला लागत नाही. नाव लागतं. आणि आपणच त्यांना खोटं नाव दिलेलं असतं. दुसरी एक बारीक कुरबुर अशी की गोष्टीवरच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा गोष्टीतल्याच एखाद्या वाक्यात असतं. म्हणजे परीक्षा मराठीच्या उताऱ्याची होते, इतिहासाची होत नाही.

चित्रांचा त्रास वेगळा. फोटोची झेरॉक्स काढली की हातकुऱ्हाडीचा बटाटा होतो. पहिल्या खेपेला निम्म्या वर्गानं 'बदाम' लिहिलं आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. माकडापासून माणसापर्यंत ओळीनं चालणारी आकृत्यांची रांगही टाळा. ती बघून मुलं ठाम समजतात की पुढचा तो मागच्याचा मुलगा.

झेरॉक्सवर उपाय सोपा निघाला. फोटो नकोच. हातकुऱ्हाडीची बाह्यरेषा खऱ्या आकारात काढायची, साधारण बारा-पंधरा सेंटिमीटर लांब, एक टोक निमुळतं, दुसरं गोल. कडेनं छिलके उडवल्याच्या खुणा चार-पाच रेघांत. मग प्रश्न विचारायचा, 'यावर तळहात ठेव. कुठे धरशील? का?' मुलं आपोआप गोल भाग मुठीत घेतात आणि 'टोचणार नाही म्हणून' असं लिहितात. शेजारी नखाएवढं सूक्ष्मास्त्र काढलेलं असतं. 'हे कसं धरशील?' इथे वर्ग अडतो. मग कुणीतरी म्हणतं, 'सर, काठीला चिकटवलं असेल.' लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत डिंकासारख्या पदार्थानं अशी पाती बसवत, हे मी त्यानंतर सांगतो. माझ्या लेखी हाच खरा प्रश्न, कारण उत्तर कागदावर कुठेही छापलेलं नाही.

सगळ्यात उपयोगी पडलेलं चित्र इनामगावचं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं, ते गाव. आदिमानवापेक्षा फार अलीकडचं, पण पाचवीत स्थिर वस्ती शिकवायला हाताशी असलेलं. चौकटीच्या कागदावर मी दोन घरांचे नुसते आराखडे काढतो, एक मोठं आयताकृती, एक लहान गोल. प्रश्न एकच, 'यातलं जुनं कोणतं?' वर्गातले जवळजवळ सगळे गोल झोपडीवर बोट ठेवतात. आधी झोपडी, मग घर, हे डोक्यात पक्कं असतं. खरं उलटं आहे. तिथली मोठी आयताकृती घरं साधारण इसवीसनपूर्व 1400 ते 1000 या काळातली, आणि लहान गोल झोपड्या त्यानंतरच्या, 700 पर्यंतच्या. मग दुसरा प्रश्न, 'माणसं मोठं घर सोडून लहान झोपडीत का गेली असतील?' 'भांडण झालं', 'पूर आला', 'पैसे संपले' अशी उत्तरं येतात. एका मेंढपाळाच्या मुलानं लिहिलं होतं, 'पाऊस नाही पडला, मग बकऱ्या घेऊन फिरावं लागलं.' उत्खनन करणाऱ्या ढवळीकरांचं म्हणणंही याच अंगानं जातं. हवामान कोरडं झालं, शेती खालावली, गुराढोरांवर भिस्त वाढली. हेच मी गोष्टीत सांगितलं असतं तर मुलांनी पाठ केलं असतं.

एक गोष्ट मात्र मी अजून ठेवली आहे, कारण तिच्यातलं नाव खरं आहे. स्पेनमधल्या आल्तामिरा गुहेत 1879 साली वडील जमिनीवर हत्यारं शोधत होते आणि आठ वर्षांच्या मारियानं वर पाहिलं, तर छतावर रानबैल रंगवलेले. 'वडिलांना का दिसले नाहीत?' असा प्रश्न विचारतो आणि गोष्टीबरोबर छताचं चित्र देतो. ती चित्रं खरंच प्राचीन आहेत हे मोठ्या अभ्यासकांनी मान्य करायला 1902 उजाडलं, हे ऐकून मुलं फार खूश होतात. म्हणजे शोधणाऱ्याची गोष्ट चालते, आदिमानवाला आपण चिकटवलेली नाही.

अग्नीचंही मी असंच करून टाकलं. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत साधारण दहा लाख वर्षांपूर्वीची राख आणि भाजलेली हाडं सापडली, तीही तोंडापासून सुमारे तीस मीटर आत. गुहेची लांबट आकृती, आत राखेचा ठिपका, बाहेर वीज पडलेलं झाड. 'ही राख विजेच्या आगीची असेल का?'

तुमच्या वर्गात वाचताना अडखळणारी मुलं बरीच असतील किंवा तुम्ही तिसरीला शिकवत असाल, तर गोष्ट एकदम सोडू नका. फक्त नायकाला नाव देण्याआधी थोडं थांबा. चित्रं काढायला वेळ जातो हेही खरं. माझे रविवारचे तीन तास गेले, पण तेच कागद आता चौथं वर्ष वापरतोय. हातकुऱ्हाडीचा तेवढा नव्यानं काढावा लागला, कारण दरवर्षी चाळीस मुलांनी पेन्सिलीनं गिरवून गिरवून ती चांगली दोन सेंटिमीटर वाढली होती.