'माल आम्हीच परत घेऊ' : अगरबत्ती यंत्राच्या योजनेत चार मित्रांचे भांडवल कसे अडकले

आम्ही चौघांनी प्रत्येकी दीड लाख रुपये घालून सहा लाखांचे भांडवल उभे केले होते. सांगलीत राहून, नोकऱ्या न सोडता सुरू करता येईल असा जोडधंदा आम्हाला हवा होता. चौघांचे गुण आणि आवडी मात्र चार दिशांना होत्या. एक जण दुचाकी दुरुस्तीत मुरलेला, त्याला स्वतःचे गॅरेज हवे होते. दुसऱ्याच्या घरी चटण्या-मसाले उत्तम होतात, त्याला तो माल पाकिटे भरून विकायचा होता. तिसरा एका वितरकाकडे विक्री प्रतिनिधी असल्यामुळे फरसाण-बिस्किटांची एजन्सी घ्यावी असे त्याचे म्हणणे होते. मी हिशेबनीस, त्यामुळे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र मला सोयीचे वाटत होते.

निवड निःपक्षपाती व्हावी म्हणून आम्ही एक तक्ता केला. लागणारे भांडवल, महिन्याचा नफा, जोखीम, लागणारे कौशल्य आणि बाजारपेठ असे पाच रकाने ठेवून प्रत्येकाने प्रत्येक कल्पनेला दहापैकी गुण द्यायचे आणि सरासरी काढायची, असे ठरले. पद्धत वरवर न्याय्य होती. पण प्रत्येक जण स्वतःच्या कल्पनेला नऊ आणि इतरांच्या कल्पनेला चार-पाच गुण देत असल्याने चारही कल्पना जवळजवळ सारख्याच सरासरीवर येऊन थांबल्या. याच सुमारास विक्री प्रतिनिधी मित्राला एका प्रदर्शनात अगरबत्ती यंत्राच्या योजनेचे माहितीपत्रक मिळाले.

योजना अशी होती. कंपनीकडून ३,६०,००० रुपयांना स्वयंचलित यंत्र आणि वाळवणी यंत्र घ्यायचे. कच्चा माल, म्हणजे कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटपणासाठी लागणारी जिगट पूड यांचे तयार मिश्रण व बांबूच्या काड्या, कंपनी किलोला ४८ रुपयांनी देणार आणि वाळलेली, बिनवासाची कच्ची अगरबत्ती ७५ रुपयांनी परत विकत घेणार. दिवसाला ८० किलो, महिन्याला २५ दिवस काम, म्हणजे २,००० किलो आणि किलोमागे २७ रुपये धरून ५४,००० रुपये. कौशल्याची गरज नाही, ग्राहक शोधायला नको, तीन वर्षांचा खरेदी करार.

आमच्या तक्त्यात या योजनेला सर्वांत जास्त गुण मिळाले, आणि त्याचे कारण आज स्पष्ट दिसते. गॅरेजची चर्चा निघाली की दुरुस्तीतला मित्र स्वतःच सांगे की पावसाळ्यात काम मंदावते, उधारी राहते आणि चांगला मदतनीस टिकत नाही. मसाल्याचा विषय निघाला की मिरचीच्या भावातली चढउतार आणि दुकानदाराकडून परत येणारी पाकिटे यांचा हिशेब समोर येई. एजन्सीबद्दल तिसऱ्याला इतके ठाऊक होते की त्याने नंतर स्वतःच तिला आधी दिलेले गुण कमी केले. अगरबत्तीविषयी मात्र चौघांपैकी कोणालाच काही माहीत नव्हते, म्हणून तिच्यावर आक्षेप घेणाराच कोणी नव्हता. ज्या धंद्यातले कोणाला काही कळत नाही त्याचे दोष तक्त्यात उमटत नाहीत, आणि ज्याची आवड कोणालाच नाही त्यावर कोणाचा रुसवाही होत नाही. वेगवेगळ्या आवडीच्या मित्रांच्या गटात अशी योजना तडजोड म्हणून सहज निवडून येते. तिचे विक्रेते हे ओळखून असतात, असे माझे आता ठाम मत झाले आहे, कारण त्यांच्या प्रतिनिधीने पहिल्याच भेटीत विचारले होते की तुमच्यात किती जण आहेत आणि एकमत झाले आहे का.

यंत्र आले, शेड भाड्याने घेतली, दोन कामगार महिला ठेवल्या आणि कच्च्या मालासाठी ६०,००० रुपये अनामत भरली. पहिल्या दोन खेपांचे पैसे वेळेवर खात्यात जमा झाले. त्याच काळात प्रतिनिधी वारंवार सुचवत होता की आणखी ओळखीच्यांना यंत्र घ्यायला लावा, कमिशन देऊ. सुदैवाने ते आम्ही केले नाही. तिसरी खेप 'ओलावा जास्त, काड्या वाकड्या' या शेऱ्यासह नाकारली गेली, चौथीचे निम्मे पैसे कापले गेले आणि त्यानंतर कच्चा मालही येईना, फोनही लागेना.

ओलाव्याच्या मुद्द्यात एक बारीक खोच होती. कंपनी देत असलेली पूड पोत्यातच ओलसर असे आणि ती त्या वजनावर आमच्या नावे मांडली जाई, तर आमच्याकडून माल घेताना मात्र पूर्ण वाळलेल्या अगरबत्तीचे वजन धरले जाई. वाळवण आणि तुटफूट वजा जाता १०० किलो कच्च्या मालातून आमच्या हाती साधारण ८८ किलो विकण्याजोगा माल येई. म्हणजे तयार किलोला कच्च्या मालाचा खर्च ४८ नव्हे, साडेचोपन्न रुपये पडत होता आणि २७ रुपयांऐवजी साडेवीसच उरत होते. माहितीपत्रकात ही घट कुठेही नव्हती. शिवाय मजुरी, वीज आणि भाडे वजा केल्यावर, सगळे सांगितल्याप्रमाणे घडले असते तरी, चौघांत वाटण्यासारखे फार थोडे राहिले असते.

खरा प्रकार कळला तो उरलेला माल विकायला निघाल्यावर. वास लावून पुडे भरणाऱ्या एका स्थानिक कारखानदाराने कच्च्या अगरबत्तीला किलोमागे ५८ रुपये देऊ केले आणि बाजारात हाच भाव चालतो असे सांगितले. जो माल कोणालाही ५८ रुपयांत मिळतो तो एखादी कंपनी ७५ रुपयांनी का घेईल, हा एकच प्रश्न आम्ही आधी विचारायला हवा होता. यंत्राबाबतही तेच. गुजरातमधील एका उत्पादकाकडून नंतर दरपत्रक मागवले तेव्हा तशाच यंत्रांचा संच सव्वा लाखात बसत होता. म्हणजे आमच्याकडून सुमारे २,३५,००० रुपये जास्तीचे घेतले गेले होते. किलोमागे १७ रुपये जादा द्यायचे म्हटले तर या रकमेतून कंपनीला जवळपास १३,८०० किलो माल, अर्थात आमचे सात महिन्यांचे पूर्ण उत्पादन, घेता आले असते. पहिल्या खेपांचे पैसे वेळेवर येण्यामागे प्रामाणिकपणा नव्हता. आमचेच पैसे आम्हाला थोडे थोडे परत येत होते. कंपनीची कमाई यंत्र विकताना झालेली होती, अगरबत्तीशी तिला काही देणेघेणे नव्हते. पश्चिम महाराष्ट्रात २०१९ मध्ये उघड झालेल्या कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणाचा साचाही हाच होता: पिल्ले कंपनीच विकणार, खाद्य तीच देणार आणि अंडी-कोंबड्या तीच घेणार.

कागदपत्रांतही सापळा होता. यंत्राचे बीजक एका संस्थेच्या नावे होते, खरेदीचा करार मुद्रांक कागदावर दुसऱ्याच संस्थेच्या नावे होता, आणि मालाचा दर्जा ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे कंपनीकडे होता. यंत्र विकणारा म्हणाला, यंत्र चालते आहे, माझी जबाबदारी संपली. खरेदीदार संस्थेचा जीएसटी क्रमांक शासकीय संकेतस्थळावर टाकून पाहिला तेव्हा तिची नोंदणी आमच्या कराराच्या थोडीच आधीची निघाली. हा शोध कोणालाही विनामूल्य घेता येतो. नोंदणीची तारीख आणि ती चालू आहे की रद्द, हे लगेच दिसते.

पोलिसांकडे तक्रार अर्ज दिला तेव्हा हा दिवाणी वाद असल्याचे प्रथम सांगण्यात आले. दिवाणी दाव्याची तयारी करताना वकिलांनी विचारले की तुमच्या भागीदारीची नोंदणी झाली आहे का. झाली नव्हती, केवळ भागीदारीपत्र केले होते. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला करारातून मिळालेल्या हक्कासाठी त्रयस्थाविरुद्ध दावा लावता येत नाही. दाव्याआधी नोंदणी करून घेता येते, पण तोवर दावा लावण्याची मुदत संपत जाते. ग्राहक आयोगाचा मार्गही सोपा नव्हता, कारण व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू त्या कायद्यातून वगळलेली आहे आणि केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्यालाच अपवाद आहे. नोकरी सांभाळून कामगार ठेवणारे आम्ही चौघे त्या अपवादात बसणे अवघड होते.

उरलेल्या पैशांचे काय करायचे हे ठरवताना आम्ही गुणांचा तक्ता टाकून दिला आणि प्रत्येक कल्पनेसमोर तीनच गोष्टी लिहिल्या. पहिली, हे आकडे कोणी दिले. विकणाऱ्याने दिलेला आकडा असेल तर तो खोडायचा आणि त्या धंद्यातल्या, आपल्याला काहीही विकायचे नसलेल्या माणसाकडून नवा आणायचा. दुसरी, यंत्र किंवा कच्चा माल देणारा सोडून तीन खरेदीदारांची नावे. तिसरी, सहा महिन्यांनी थांबलो तर किती पैसे परत येतील. या तिसऱ्या प्रश्नाने चित्र पार पालटले. अगरबत्तीचा संच भंगाराच्या आसपास, ७०,००० रुपयांना गेला, म्हणजे त्या एका खरेदीतच २,९०,००० रुपये बुडाले. अनामत गेली ती वेगळीच. गॅरेजसाठी जागेची ७५,००० अनामत परत मिळणारी, दीड लाखाची अवजारे निम्म्या किमतीला तरी विकली जाणारी आणि ४०,००० ची मांडणी वाया जाणारी, असे धरले तर २,६५,००० गुंतवून, महिन्याचे भाडे सोडता, जास्तीत जास्त १,१५,००० ची खोट होती. चटण्यांना तर आधी घरातल्याच भांड्यांवर दहा-पंधरा हजारांत चाचणी घेता येत होती.

आवडीचा प्रश्न आम्ही सरासरीऐवजी नकाराधिकाराने सोडवला. रोज सकाळी कुलूप कोण उघडणार त्याचा होकार आवश्यक, आणि इतरांपैकी कोणालाही लेखी कारण देऊन नकार देता येईल. यातून गॅरेज ठरले, आणि बाकीच्यांनी आपापले गुण कुठे लावायचे हे नंतर ठरले: गॅरेजचा हिशेब आणि सुट्या भागांचा साठा माझ्याकडे, सुट्या भागांची खरेदी आणि घासाघीस विक्रीतल्या मित्राकडे. मसाल्याच्या मित्राने गॅरेजमध्ये राहायचे नाही असे सांगितले आणि त्याचा उरलेला वाटा आम्ही त्याला परत दिला. त्यावर वाद झाला नाही. भागीदारीची नोंदणी या वेळी निबंधकांकडे आधी केली. आर्थिक गुन्हे शाखेकडील आमचा अर्ज अजून चौकशीत आहे, आणि त्याच कंपनीकडून यंत्र घेतलेल्या आणखी काही जणांनी आपापली बीजके, बँकेचे उतारे आणि नाकारलेल्या मालाचे शेरे त्याला जोडले आहेत.